साउंडबार लावल्यावर टीव्हीचे स्पीकर कोण बंद करणार?

घरात नवा साउंडबार आला की पहिली तक्रार बहुधा बातम्या लावल्यावर येते. निवेदिकेचा आवाज मोठा झालेला असतो, पण स्पष्ट झालेला नसतो. रिकाम्या सभागृहात कोणी बोलावं तसा तो घुमतो, शब्दांच्या कडा पुसट होतात. सिनेमातल्या गाण्यात किंवा मारामारीत हे फारसं जाणवत नाही, साध्या बोलण्यात मात्र लगेच जाणवतं. मग दुकानदाराला फोन जातो, बार बदलून मागितला जातो. बारमध्ये बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालूच राहिलेले असतात आणि तेच वाक्य घरात दोनदा उच्चारलं जात असतं.

खात्री करून घ्यायला साउंडबारच्या रिमोटने त्याचा आवाज पूर्ण बंद करावा आणि टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला कान न्यावा. तिथून बोलणं ऐकू आलं, तर दुखणं सापडलं.

दोन ठिकाणांहून एकच आवाज आला तर तो नुसता मोठा व्हायला हवा, बिघडतो का? कारण दोन्ही आवाज एकाच क्षणी कानावर पडत नाहीत. टीव्हीतून निघालेला डिजिटल आवाज बारमध्ये जातो, तिथे उलगडला जातो, त्यावर प्रक्रिया होते आणि मग तो बाहेर पडतो. यात काही मिलिसेकंद जातात. किती, ते प्रत्येक जोडीत वेगळं. समजा हा उशीर ४० मिलिसेकंदांचा आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० मिलिसेकंदांत जवळजवळ १४ मीटर. टीव्हीखाली ठेवलेला बार कानाला १४ मीटर मागे ठेवल्यासारखा ऐकू येतो आणि घुमल्याचा भास होतो.

उशीर अगदी थोडा असला तरी सुटका नाही. तो एकच मिलिसेकंद असेल, तर ५०० हर्ट्झच्या सुराची एक लाट वर जात असताना दुसरी खाली येत असते आणि दोघी एकमेकींना खोडतात. तसंच १५०० आणि २५०० हर्ट्झलाही होतं. हे सगळे सूर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातले. दोन्हीकडचा आवाज सारख्याच ताकदीचा असेल, तर ही खोड जास्तीत जास्त पडते. म्हणून अशा खोलीत आवाज वाढवून उपयोग होत नाही. ऐकायला त्रास होणारी वडीलधारी माणसं आवाज वाढवत राहतात आणि शब्द तरीही लागत नाहीत.

बार जोडल्याचं टीव्हीला आपोआप कळायला नको का? ते तारेवर अवलंबून आहे आणि इथेच सगळा घोळ होतो. अनेक साउंडबारच्या खोक्यात ऑप्टिकल केबल येते आणि बसवायला आलेला माणूस तीच लावून जातो. तोशिबाने १९८३ साली आणलेल्या या जोडणीत आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो. केबलचं बारकडचं टोक काढून पाहिलं तर त्यातून लाल उजेड दिसतो. हा उजेड फक्त टीव्हीकडून बाहेर जातो, उलट दिशेने काहीच येत नाही. पलीकडे बार आहे की केबल नुसती लोंबकळते आहे, हे टीव्हीला कळायला मार्गच नाही. त्यामुळे स्पीकर बंद करायचं काम माणसाला करावं लागतं.

एका घराचं उदाहरण घेऊ. भिंतीवर टीव्ही, एचडीएमआय केबलने जोडलेला सेट-टॉप बॉक्स, ऑप्टिकलने जोडलेला साउंडबार आणि वर सांगितलेला घुमणारा आवाज. रिमोटने सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा विभाग उघडायचा. सॅमसंगच्या टीव्हीत Sound खाली Sound Output असतं, एलजीमध्ये Sound Out, सोनीच्या गुगल टीव्हीत Display & Sound मध्ये Audio output आणि त्यात Speakers. या ठिकाणी टीव्हीचे स्पीकर निवडलेले दिसतील. ते बदलून Optical किंवा Audio system निवडलं की टीव्ही गप्प होतो आणि आवाज फक्त बारमधून येतो. काही टीव्हींत अशी यादी नसते, TV Speaker या नावाचं चालू-बंद करायचं बटण असतं. तेही नसेल तर टीव्हीचा आवाज शून्यावर आणून पाहावा. बहुतेक टीव्हींत ऑप्टिकलमधून जाणारा आवाज ठरावीक पातळीचा असतो, टीव्हीच्या आवाजाबरोबर तो कमी होत नाही. मात्र रिमोटवरचं म्यूट बटण काही टीव्हींत दोन्ही वाटा बंद करतं, तेव्हा त्यावर विसंबू नये.

घुमणं थांबलं. पण दुसऱ्या दिवशी आजोबा टीव्हीचा रिमोट घेऊन आवाज वाढवायला जातात आणि काहीच होत नाही. पडद्यावर पट्टी सरकते किंवा आवाज बदलता येत नसल्याची सूचना येते. ऑप्टिकलमधून आवाज वाढवण्याचा हुकूम पलीकडे जात नाही, हे त्याचं कारण. आता घरात दोन रिमोट लागतात. दुपारी आजींना एकटीला बातम्या बघायच्या असतील तर बार वेगळा चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर टीव्ही मुका. टीव्ही बिघडला असं समजून त्या बसून राहतात. मला ही अडचण घुमण्यापेक्षाही मोठी वाटते. घरातल्या सगळ्यात कमी तांत्रिक माणसाला टीव्ही लावता येत नसेल, तर ती जोडणी नीट झालेली नाही.

म्हणून दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल काढून एचडीएमआय एआरसी वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. २००९ साली आलेल्या एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत ही सोय आली. एरवी एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज टीव्हीकडे येतात. या सोयीमुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून परत बारकडे जातो. त्याच केबलमधली वेगळी तार दोन्ही यंत्रांना एकमेकांशी बोलू देते. या बोलण्याला सीईसी म्हणतात. बार चालू झाला की तो टीव्हीला कळवतो, टीव्ही स्वतःचे स्पीकर बंद करतो आणि आपल्या रिमोटचे आवाजाचे हुकूम बारकडे पाठवतो. बार बंद केला की टीव्हीचे स्पीकर पुन्हा सुरू होतात. आजींची दुपारची अडचण इथे सुटते.

केबल कुठेही लावून चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय खाचा असल्या तरी साधारणपणे एकीवरच ARC किंवा eARC असं छापलेलं असतं. तिथेच केबलचं एक टोक लावायचं. दुसरं टोक बारच्या HDMI OUT लिहिलेल्या खाचेत, तिथेही ARC लिहिलेलं असतं. त्या जागी आधीपासून सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याला दुसऱ्या खाचेत हलवायचं. मग सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं. या सोयीला प्रत्येक कंपनीने आपापलं नाव दिलं आहे: सॅमसंगमध्ये Anynet+, एलजीत SIMPLINK, सोनीत BRAVIA Sync. नाव ओळखीचं नसल्यामुळे लोक ते बंदच ठेवतात आणि मग एआरसी चालत नाही म्हणतात. सगळं बरोबर असूनही टीव्ही बारला ओळखत नसेल, तर टीव्ही, बार आणि सेट-टॉप बॉक्स तिघांचे प्लग भिंतीतून काढून दोन-तीन मिनिटं थांबावं, मग पुन्हा लावावेत. रिमोटने बंद केलेली यंत्रं खरं तर अर्धवट जागीच असतात आणि जुनी ओळख धरून बसतात. पूर्ण वीज गेली की ती नव्याने एकमेकांची चौकशी करतात.

स्पीकर बंद केल्यावर कधीकधी याच्या उलट होतं, म्हणजे कुठूनच आवाज येत नाही. जुना होम थिएटर वापरणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. त्याला लाल-पांढऱ्या पिनाच असतात, नव्या टीव्हीला तशा खाचा नसतात, म्हणून मध्ये ऑप्टिकलचं रूपांतर करणारी छोटी डबी लावली जाते. यूट्यूबला आवाज येतो, पण काही वाहिन्यांवर किंवा ओटीटीच्या सिनेमाला सगळं शांत होतं किंवा खरखर येते. केबल खराब असती तर आवाज सगळीकडेच गेला असता. इथे टीव्ही काही कार्यक्रमांचा आवाज डॉल्बीच्या आवळलेल्या रूपात पाठवतो आणि स्वस्त डबीला तो उलगडता येत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये Digital Sound Output, Digital audio out किंवा Digital Output Audio Format अशा नावाचा पर्याय असतो. तो Auto वरून PCM वर आणला की टीव्ही स्वतःच आवाज उलगडून साध्या रूपात देतो. ऑप्टिकलमधून असा साधा आवाज दोनच बाजूंचा, डावा आणि उजवा एवढाच जातो, ही त्याची किंमत. जुन्या होम थिएटरचे मागचे स्पीकर मग सिनेमाचा खरा वेगळा आवाज देत नाहीत. बारला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला डॉल्बी उलगडता येत असेल, तर Auto च ठेवावं.

होम थिएटर टीव्हीच्या हेडफोनच्या खाचेला जोडलं असेल तर पिन आत गेल्याबरोबर बहुतेक टीव्हींचे स्पीकर आपोआप बंद होतात. या वाटेवर मात्र आवाज टीव्हीच्या पातळीनुसार कमी-जास्त होतो. टीव्ही शून्यावर ठेवला तर बाहेरही काही जात नाही; फार कमी ठेवून अ‍ॅम्प्लिफायर वाढवला तर सुसू आवाज येत राहतो. टीव्ही बऱ्यापैकी वर ठेवून रोजची कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करावी.

दोन्हीकडून आवाज यायलाच हवा, असेही काही प्रसंग आहेत. सॅमसंगच्या Q-Symphony सारख्या सोयीत टीव्हीचे आणि त्याच कंपनीच्या बारचे स्पीकर मुद्दाम एकत्र चालवले जातात. वेळेचा हिशेब यंत्रंच जुळवतात, म्हणून तिथे घुमत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं दोघांचे स्पीकर चालू ठेवून अशी जुळवता येत नाहीत. दुसरा प्रसंग ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा. त्याच्यासाठी हेडफोनला वेगळा आवाज आणि बाकीच्यांसाठी टीव्हीचा नेहमीचा, अशी सोय काही टीव्हींत असते. एलजीच्या काही टीव्हींत टीव्हीचे स्पीकर आणि ऑप्टिकल एकत्र चालू ठेवायचा पर्याय मिळतो. ऑप्टिकलला बिनतारी हेडफोनचा ट्रान्समीटर जोडला की आजोबा आपल्या मापाचा आवाज ठेवतात आणि घरातले आपल्या मापाचा. हेडफोन कानावर असल्यामुळे टीव्हीचा आवाज त्यांच्यापर्यंत दबून पोचतो आणि दोन आवाजांची गल्लत बरीच कमी होते.