शंभरच्या वर गेलं की सगळंच महाग?

“नव्व्याण्णववर थांबवा हो, शंभर ओलांडले की सगळेच युनिट वरच्या दराने लागतात.” महिनाअखेरीला इमारतीच्या जिन्यात हे वाक्य ऐकू आलं नाही असा महिना जात नाही. त्या एका युनिटाच्या धास्तीने लोक फ्रीज बंद ठेवतात. महावितरणच्या घरगुती बिलात असं होत नाही, हे कितीदा सांगावं?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 31 मार्च 2023 च्या आदेशातले 2024-25 चे घरगुती दर पाहा. पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि त्यापुढे 16.64. प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांना लागतो. 101 युनिट वापरले, तर 100 युनिट 4.71 नेच आणि उरलेलं एक युनिट 10.29 ने. त्यावर 1.17 रुपये वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरलं, तरी त्या एका युनिटाची किंमत 13 रुपये 29 पैसे होते. इंधन समायोजन आकार असेल तर थोडी आणखी. एवढ्यासाठी फ्रीज बंद?

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. केरळमध्ये महिन्याला 250 युनिटांपलीकडे गेलं की खरोखरच सगळ्या युनिटांना एकच वरचा दर लागतो. पण तो केरळचा नियम आहे, तो इथल्या बिलाला लावू नका.

आपलं बिल बरोबर आहे का, हे मात्र जरूर तपासावं. अंदाजाने नव्हे, ओळीओळीने. बिलावरच्या चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा, गुणक अवयवाने गुणा, युनिट मिळाले. मग वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यांचा हिशेब स्वतः करा आणि ज्या ओळी जुळत नाहीत तेवढ्याच वेगळ्या लिहा. दर मात्र तुमच्या बिलाच्या महिन्याचे घ्या.

समजा, 2024-25 मधल्या एका बिलाचं रीडिंग उशिरा झालं. बिल 36 दिवसांचं, वापर 240 युनिट, स्थिर आकार 128 रुपये, इंधन समायोजन शून्य. छापील वीज आकार 1,911.60, वहन आकार 280.80 आणि वीज शुल्क 371.26. वहन आकार जुळतो, कारण 240 गुणिले 1.17 तेवढेच. वीज आकार जुळत नाही. टप्पे महिन्याचे असतात, त्यामुळे कालावधी लांबला की टप्प्याची मर्यादाही त्या प्रमाणात वाढायला हवी. 30 दिवसांना 100, तर 36 दिवसांना 120. म्हणजे 120 युनिट 4.71 ने आणि 120 युनिट 10.29 ने, मिळून बरोबर 1,800. छापील रकमेत पहिला टप्पा 100 वरच तोडला आहे, फरक 111.60.

वीज शुल्कही 17.85 ने जास्त दिसतं. इथे घाईने “दोन चुका” म्हणू नका. छापलेल्या तिन्ही आकारांची बेरीज 2,320.40, तिचे 16 टक्के 371.26. म्हणजे शुल्काचा हिशेब बरोबर आहे, त्याच्या पोटातला वीज आकार चुकला आहे. प्रत्येक ओळ एकदा युनिटांवरून आणि एकदा छापील ओळींवरून मोजली, की मूळ चूक कोणती आणि तिची सावली कोणती हे कळतं. तक्रार एकाच ओळीची, मागणी 129.45 रुपयांची.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. “शुल्क फक्त वीज आकारावर असतं”: नाही, स्थिर, वीज, वहन आणि इंधन समायोजन या सगळ्यांवर. “वहन आकार म्हणजे दुसऱ्यांदा वसुली”: नाही, तो तारांच्या जाळ्यातून वीज आणण्याचा खर्च आहे आणि तोही आयोगानेच ठरवलेला. “बेरीज दोन-चार रुपयांनी चुकते”: देय रक्कम दहाच्या पटीत पूर्णांक केलेली असते. “यंदा बिल दुप्पट आलं”: आधी थकबाकीची ओळ पाहा, ती या महिन्याच्या वापरात मोजू नका.

एवढं करूनही फरक उरला, तर “बिल फार आलं” असा अर्ज देऊ नका. दिवस, युनिट, छापील रक्कम, तुमची रक्कम आणि फरक, अशी एकच ओळ लिहून महावितरणच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून जुनी बिलं रद्दीत घालू नका.