न घेतलेली वर्गणी (कार्ड आणि काळजी : लेखांक 7)

कार्डाचे तपशील कसे फुटतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता फुटल्यानंतरचं बघू.

समजा, गुरुवारी रात्री मेसेज आला : क्रेडिट कार्डावरून कुठल्याशा परदेशी कंपनीला 2,500 रुपये गेले. स्टेटमेंट उघडलं, तर मागच्या महिन्यात त्याच नावावर ऐंशी-पंच्याऐंशी रुपये गेलेले. ती किरकोळ रक्कम म्हणजे कार्ड चालतं की नाही याची चाचणी. ओटीपी दोन्ही वेळा आलाच नाही.

अशा वेळी बहुतेक जण बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची यादी शोधतात आणि ती रिकामी बघून गोंधळतात. ती रिकामीच असणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मँडेट नोंदवताना ओटीपी लागतो आणि वसुलीच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. परदेशी साइटवर मात्र नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरही काम भागतं. पुढच्या वसुलीला तर सीव्हीव्हीही लागत नाही. तेव्हा रद्द करायला मँडेटच नाही. ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार लगेच बंद करा, मग कार्ड कायमचं ब्लॉक करून नव्या नंबरचं मागवा. नुसतं तात्पुरतं लॉक केलं, तर ते उघडल्यावर वसुली पुन्हा सुरू होऊ शकते.

आता तक्रार. खरी मेख फॉर्ममध्ये कारण निवडताना आहे. ‘सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी पैसे कापले’ हा पर्याय जवळचा वाटतो, पण तो निवडला की तुम्ही ग्राहक होतात हे मान्य केल्यासारखं होतं आणि बँक रद्द केल्याचा पुरावा मागते. तो कुठून आणणार? ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हेच कारण द्या. दोन्ही व्यवहार लिहा, चाचणीचा छोटाही. शिवाय परकीय चलनाचा आकार मागायला विसरू नका : 3.5 टक्के दर असेल तर 2,500 वर 87.50 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 15.75.

मुदत महत्त्वाची. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. गुरुवारनंतर दुसरा शनिवार आला, तर मंगळवार हा तिसरा दिवस. चाचणीच्या व्यवहाराचा मेसेज महिन्यापूर्वीच आला असेल, तर त्याची मुदत मात्र उलटून गेली. मोठ्या रकमेची तक्रार त्यासाठी थांबवू नका. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते.

1930 वर किंवा cybercrime.gov.in वरही नोंद करा आणि तो क्रमांक बँकेला कळवा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तिथे बँकेकडे केलेल्या तक्रारीची तारीख आणि क्रमांक विचारतात.