दांड्यावरची ओढ : मदतीने आणि मदतीवाचून

भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटाबरोबर पहाट उजाडते, आणि त्याच वेळी मैदानाच्या कडेला काही मुले लोखंडी दांड्याशी झुंजताना दिसतात. सैन्यभरतीची तयारी करणारी ही मुले या व्यायामाला ‘बीम मारणे’ म्हणतात; व्यायामशाळेत त्याचे नाव पुल-अप. धावण्यात पटाईत असलेला एखादा मुलगा दांडा धरतो, पाय झाडतो, मान ताणतो, आणि दहा सेकंदांच्या आत खाली उतरतो. २०२२ साली अग्निवीर योजना सुरू झाली, तेव्हाच्या मैदानी चाचणीत दहा पुल-अपना चाळीस गुण होते आणि सहांना सोळा. सहाच्या खाली मात्र काहीच पदरात पडत नव्हते. ज्याला एकही निघत नाही, त्याच्या दृष्टीने या हिशेबाचा अर्थ फार कठोर आहे.

अशा मुलाला बहुधा ‘दंडात ताकद नाही’ असे सांगण्यात येते. परंतु जो दांड्याला धड लोंबकळू शकत नाही, त्याच्या दंडाची परीक्षा मुळी सुरूच झालेली नसते. त्याचा पहिला अडसर पकडीत असतो आणि दुसरा खांद्याच्या पात्यांत. मूठ घट्ट आवळली म्हणजे पुढच्या हाताचे स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर दाब आणतात. रक्ताचा पुरवठा तुटपुंजा होतो, हात जळजळू लागतो आणि बोटे उघडतात. म्हणून अशा मनुष्याने हात सुटेपर्यंत लोंबत राहणे हा उपाय नव्हे. थोडा वेळ धरावे, पूर्ण विसावा घ्यावा आणि पुन्हा धरावे, अशाच रीतीने पकड वाढते.

पुल-अप कशाला म्हणावयाचे, हेही आरंभीच ठरविलेले बरे. हात कोपरात सरळ असताना सुरुवात व्हावी, पायांचा झोका न घेता हनुवटी दांड्याच्या वर जावी, आणि उतरताना हात पुन्हा सरळ व्हावेत. तळवे पुढे असतील तर ती पालथी पकड, स्वतःकडे असतील तर उताणी. उताण्या पकडीत दंडाच्या पुढच्या स्नायूचे साह्य अधिक मिळते म्हणून ती बहुतेकांना सोपी जाते. पण चाचणी ज्या पकडीने द्यावयाची, तिचीच सवय असलेली चांगली.

आता मदतीचा प्रश्न. व्यायामशाळांत रबरी पट्टा दांड्याला अडकवून त्यात पाय ठेवण्याची रीत आहे. पट्टा तळाशी सर्वांत अधिक ताणलेला असतो, म्हणून मदतही तेथेच सर्वांत जास्त मिळते. आणि नवशिक्याला ज्या तळाच्या भागाशी झगडावयाचे असते, नेमका तोच भाग पट्टा परस्पर उरकून टाकतो. शिवाय पट्ट्याने किती भार उचलला हे कळत नाही. मित्राने पाय धरून वर लोटले तर मदत रोज निराळी होते. मदत मोजता आली तरच ती बेताने कमी करता येते, आणि मोजण्याचे साधन पुष्कळ घरांत असतेच. ते म्हणजे वजनाचा काटा.

व्यवस्था अशी करावी. दांडा भिंतीत पक्का बसविलेला असावा. एक इंची म्हणून मिळणारा लोखंडी नळ बाहेरून सुमारे ३३ मिलीमीटर जाड असतो आणि पाऊण इंची सुमारे २७. लहान पंज्याला दुसरा अधिक सोयीचा. दांड्याखाली एक रुंद, न हलणारे बाकडे भिंतीला टेकवून ठेवावे. त्याची उंची अशी असावी की त्यावर उभे राहिले असता हनुवटी दांड्याच्या किंचित वर येईल, आणि उकिडवे बसले असता दांडा धरलेले हात सरळ होतील. बाकड्यावर काटा ठेवून त्यावर पाय द्यावेत. काटा जितके वजन दाखवील तितके पायांवर, बाकीचे हातांवर. हालचाल संथ ठेवावी आणि अर्ध्या वाटेवर असताना घरातल्या कोणीतरी आकडा वाचावा. आकडा थोडा खालीवर नाचेल, पण अंदाजाला तेवढे पुरते.

उदाहरणादाखल भिवंडीतला एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी कल्पावा. त्याचे वजन ६४ किलो आहे आणि तो नऊ सेकंदच लोंबकळू शकतो. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे त्याचे व्यायामाचे दिवस. मधले दिवस विश्रांतीचे, कारण स्नायू आणि कोपराचे बंध याच दिवसांत सावरतात.

पहिल्या आठवड्यात त्याने काट्यावर ४० किलो ठेवावेत, म्हणजे हातांवर २४ येतील. अशा स्थितीत दहा सेकंद धरून एक मिनिट थांबावे, आणि हे सहा वेळा करावे. त्यानंतर हात सरळच ठेवून खांद्याची पाती खाली ओढावीत, जणू कानांपासून खांदे दूर नेत आहोत, आणि पुन्हा सैल सोडावीत. असे पाचाचे तीन फेर. ही दोन बोटांची हालचाल दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु पुल-अपची पहिली पायरी तीच. शेवटी त्याच मदतीने पाच पाच ओढींचे तीन फेर. दुसऱ्या आठवड्यात सर्व तसेच ठेवून काट्यावर फक्त ३२ किलो, म्हणजे निम्मे वजन, ठेवावे.

तिसऱ्या आठवड्यात काट्यावर २० किलो ठेवून पंधरा सेकंद धरणे पाच वेळा, आणि ३२ किलोच्या मदतीने पाच ओढींचे चार फेर. चौथ्या आठवड्यात ओढी तशाच राहतील. धरण्याच्या वेळी मात्र पाय पूर्ण उचलून बारा सेकंद चार वेळा लोंबावे. त्या शुक्रवारी एकदा घड्याळ लावून पाहावे. वीस सेकंद झाले तर पुढे जावे, न झाले तर हाच आठवडा पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. पकड कच्ची राहिली तर पुढचे सर्व बांधकाम तिच्यावरच डळमळते.

पाचव्या आठवड्यात मदत २० किलोंवर आणि सहाव्यात १६ वर आणावी, चार ओढींचे चार फेर घ्यावेत आणि वीस सेकंदांचे लोंबणे तीनदा करावे. सातव्यात मदत १२ किलो, तीन ओढींचे चार फेर. येथेच उतरणीचा अभ्यास सुरू होतो. स्नायू जेवढा भार वर ओढू शकत नाही, तेवढा भार तो सावकाश खाली मात्र आणू शकतो. म्हणून बाकड्याच्या आधाराने हनुवटी दांड्यावर न्यावी, पाय उचलावेत आणि तीन सेकंद मोजत हात सरळ होईपर्यंत उतरावे. सातव्या आठवड्यात अशा तीन उतरणी, आठव्यात पाच सेकंदांच्या चार, नवव्यात पाच सेकंदांच्या पाच, आणि दहाव्यात आठ सेकंदांच्या चार. प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटे थांबावे. आठव्यापासून दहाव्यापर्यंत उतरणींच्या जोडीला १२ किलोंच्या मदतीने तीन ओढींचे दोनच फेर पुरेत. अकराव्या आठवड्यात सर्वच काम निम्मे करावे. बाराव्या आठवड्याच्या सोमवारी, दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, मदतीवाचून पहिला प्रयत्न करावा.

तो फसला तर कोठे फसला हे पाहावे. हात सरळ असतानाच शरीर हलले नाही तर पात्यांचा अभ्यास अपुरा आहे. पहिल्या आठवड्यातील ती लहान हालचाल आता पूर्ण लोंबून करावी. कपाळ दांड्यापर्यंत येऊन तेथेच अडले तर थोड्या मदतीने वर जाऊन हनुवटी दांड्यावर पाच सेकंद स्थिर धरण्याचा सराव करावा. पाय झाडून किंवा मान पुढे काढून मिळविलेला पुल-अप मोजू नये. दुखणे बहुधा तेथूनच उद्भवते.

उतरणींचा मोह आवरावा लागतो. त्या जमू लागल्या की मुले एकाच दिवशी वीस-तीस करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कोपरात सरळ होत नाही. साधी ठणक चार दिवसांत ओसरते. पण हात फार सुजले, शक्ती गेली आणि लघवी चहाच्या रंगाची होऊ लागली, तर स्नायूंना गंभीर इजा झाल्याची ती खूण होय. तेव्हा विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाशी दाबून दुखू लागले तर उतरणी दोन आठवडे बंद ठेवाव्यात आणि मदत वाढवावी. खांदा पूर्वी निखळलेला असल्यास हा व्यायाम तज्ज्ञाला विचारूनच हाती घ्यावा.

भिवंडीच्या दमट हवेत घाम हाही एक शत्रू. मल्लखांबाला एरंडेल लावतात, कारण तेथे कातडी लाकडावर घासू नये असा हेतू असतो; दांड्यावर तेलाचा थेंबही नको. दांडा आणि हात कोरड्या फडक्याने पुसावेत, व्यायामशाळेत मिळणारी पांढरी भुकटी लावली तरी चालेल. दांडा तळहाताच्या मध्यावर न धरता बोटांच्या मुळाशी धरावा, अंगठा खालून वळवावा. म्हणजे कातडीची घडी चिमटून फोड येत नाही.

बारा आठवड्यांनी या विद्यार्थ्याला एक, फार तर दोन-तीन पुल-अप निघतील. ज्याचे वजन अधिक आहे त्याला, आणि बहुतेक स्त्रियांना, याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. एकावरून सहावर जाणे हे निराळे काम आहे. त्यासाठी दोन मिनिटांच्या अंतराने एक एक करून दिवसाला पाच काढावेत, मग त्यांतल्या काहींच्या जोड्या कराव्यात, आणि एकूण संख्या आठवड्याला एक-दोननेच वाढवावी. याला आणखी तीन-चार महिने धरावेत. तेव्हा भरतीची जाहिरात वाचून दांडा शोधावयास निघणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. ज्याच्या हातात सहा-सात महिने आहेत, त्याने आज पाय काट्यावर ठेवून दहा सेकंद धरावे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा.