चर्चमधली लग्ने आणि मृत्युदर

1866 ते 1911 या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या लग्नांचे प्रमाण घटत गेले. त्याच काळात मृत्युदरही उतरत गेला. उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने 1926 साली या दोन मालिकांचा सहसंबंध काढून दाखवला, तो 0.95 भरला. कमाल शक्य आकडा 1. हा आकडा खरा मानला तर चर्चमधली लग्ने थांबवून माणसे अमर करता आली असती. यूलने अशा नात्यांना ‘निरर्थक सहसंबंध’ म्हटले.

दोन्ही गोष्टींवर ‘बदलत्या काळाचा’ परिणाम झाला असेल, असे उत्तर चटकन सुचते. पण गोम तेवढीच नाही. तिसरे कोणतेही कारण नसतानाही असा सहसंबंध निघतो, हे नाणेफेकीने पाहता येते. दोन खोल्यांत दोन माणसे आपापले नाणे उडवत बसली आहेत. छापा पडला की वहीत एक रुपया जमा, काटा पडला की एक रुपया वजा. प्रत्येक फेकीनंतरची शिल्लक लिहीत गेल्यास दोन मालिका तयार होतात. त्यांना ‘रँडम वॉक’ म्हणतात. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी शिल्लक बराच काळ एकाच बाजूला सरकत राहते, आणि आलेखावर तो कल वाटतो. दोघांचे कल एका दिशेने गेले तर धन संबंध निघतो, उलट गेले तर ऋण.

क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी 1974 साली संगणकावर असाच प्रयोग केला. पन्नास-पन्नास आकड्यांच्या, परस्परांशी संबंध नसलेल्या मालिकांच्या शंभर जोड्या घेऊन त्यांनी एका मालिकेचे दुसरीवर समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन केले. नेहमीच्या टी-चाचणीने शंभरात पाचेक वेळाच चुकायला हवे होते. तिने सुमारे तीन-चतुर्थांश जोड्यांत ‘संबंध आहे’ असा निकाल दिला.

चाचणी फसते ती साक्षी मोजण्यात. पन्नास आकडे म्हणजे पन्नास स्वतंत्र साक्षीदार, असे ती धरून चालते. पण आजच्या शिल्लकेत कालची सगळी शिल्लक असते. हे साक्षीदार एकमेकांचे ऐकून बोलणारे असतात. नमुना वाढवूनही सुटका नाही. पीटर फिलिप्स यांनी 1986 मध्ये सिद्ध केले की अशा मालिका जितक्या लांब, तितका टी-चा आकडा फुगत जातो. जास्त माहिती गोळा करणारा इथे जास्त ठामपणे चुकतो. खूण मात्र उरलेल्या चुकांत, म्हणजे अवशेषांत सापडते. ते एकमेकांना चिकटून चालतात, म्हणून डर्बिन-वॉटसन हा आकडा 2 च्या आसपास न राहता शून्याकडे झुकतो.

म्हणून रिग्रेशनच्या आधीच मालिकेचा स्वभाव तपासावा लागतो. आजचा आकडा म्हणजे कालच्या आकड्याचा काही हिस्सा अधिक नवा धक्का, असे मांडले तर तो हिस्सा किती हा कळीचा प्रश्न. तो 0.5 असेल तर धक्का लवकर ओसरतो आणि मालिका सरासरीकडे परतते. तो बरोबर 1 असेल तर प्रत्येक धक्का कायमचा मुरतो. यालाच ‘युनिट रूट’ म्हणतात.

डेव्हिड डिकी आणि वेन फुलर यांची 1979 ची चाचणी हेच तपासते. दरवर्षीच्या बदलाचे आदल्या वर्षीच्या पातळीवर रिग्रेशन करायचे. मालिका परतणारी असेल तर पातळी वर गेल्यावर बदल खाली ओढतो, म्हणजे गुणक ऋण येतो. समजा त्याचा टी-आकडा -2.2 आला. नेहमीच्या तक्त्यात -1.65 ओलांडले की पुरते, म्हणून ‘परतते’ असे म्हणावेसे वाटेल. पण युनिट रूट असताना हा आकडा नेहमीच्या वितरणाने वागतच नाही, तो मुळातच ऋण बाजूला सरकलेला असतो. त्यासाठीच्या वेगळ्या तक्त्यात, मोठ्या नमुन्याला, पाच टक्के पातळीची सीमा -2.86 आहे. म्हणजे -2.2 वर युनिट रूट नाकारता येत नाही. मालिकेत ठरावीक वेगाचा सरळ कल असावा अशी शंका असेल, तर तो समीकरणात घ्यावा लागतो आणि सीमा -3.41 वर जाते.

‘नाकारता आले नाही’ म्हणजे ‘सिद्ध झाले’ नव्हे. हिस्सा 0.95 असेल तर धक्का निम्मा ओसरायलाच साडेतेरा वर्षे लागतात. पन्नास वर्षांच्या आकड्यांत तो 1 पासून वेगळा ओळखणे या चाचणीला सहसा जमत नाही. मध्येच पातळी एकदा कायमची बदलली असेल, तर स्थिर मालिकेलाही ती युनिट रूट समजते, हे पियरे पेरॉन यांनी 1989 मध्ये दाखवले.

युनिट रूट निघाले तर साधा उपाय म्हणजे पातळीऐवजी वार्षिक बदलांचे रिग्रेशन. नाणेफेकीच्या वह्यांत हे बदल म्हणजे सुट्या फेकीच, त्यामुळे खोटा संबंध गळून पडतो. पण सरसकट असे करणे घाईचे ठरते, कारण काही मालिका स्वतंत्रपणे भटकत असल्या तरी एकमेकींपासून फार दूर जात नाहीत, जसे अल्पमुदतीचे आणि दीर्घमुदतीचे व्याजदर. बदलच पाहिले तर हे बंधन दिसेनासे होते. म्हणून रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी 1987 मध्ये सुचवलेली पद्धत पातळ्यांचेच रिग्रेशन करते आणि मग त्याच्या अवशेषांना युनिट रूट आहे का ते तपासते. अवशेष भटकत असतील तर नाते चर्चमधल्या लग्नांच्या जातीचे, परतत असतील तर खरे. रिग्रेशन अवशेष मुळातच शक्य तितके लहान करून देते, म्हणून ही सीमा आणखी कडक, दोन मालिकांसाठी सुमारे -3.34 धरतात.