कस्टममध्ये थांबलेलं पार्सल

नाशिकच्या एका हौशी छायाचित्रकाराने जपानमधल्या विक्रेत्याकडून जुनी लेन्स मागवली, असं समजू. लेन्स १५० डॉलरची, टपालखर्च ४५ डॉलर. विक्रेत्याने मदत म्हणून खोक्यावरच्या घोषणापत्रात ‘भेटवस्तू, किंमत ३० डॉलर’ असं लिहिलं. पार्सल मुंबईच्या विदेश डाकघरात पोहोचलं आणि तिथेच थांबलं. आठवडाभराने कस्टमचं पत्र आलं: ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा सादर करा.

पार्सल अडलं ते बहुतेक त्या ‘मदती’मुळेच. ‘भेटवस्तू’ असं लिहिलं की कर लागत नाही, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून करमाफी मागत टपालाने किंवा कुरिअरने वस्तू आणायला मनाई आहे. अपवाद दोनच, जीवनरक्षक औषधं आणि राखी. पूर्ण कर भरून भेट जरूर घेता येते. आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर ३० डॉलर हा आकडा दिसला की अधिकाऱ्याला शंका येणारच. जाहीर केलेल्या किमतीवर शंका आली तर पुरावा मागण्याचा अधिकार मूल्यांकन नियमांनी त्याला दिलेला आहे.

आधार, पॅन किंवा पासपोर्टची प्रत देणं सोपं आहे. फक्त त्यावरचं नाव पार्सलवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पत्ता वेगळा असेल तर राहत्या पत्त्याचाही पुरावा जोडावा. घरच्या वापरासाठी एखादी वस्तू आणणाऱ्याला आयातदार म्हणून नोंदणी लागत नाही. पण एकाच प्रकारच्या दहा वस्तू आल्या तर तो व्यापार मानला जाऊ शकतो.

खरी कसोटी किमतीच्या पुराव्याची. बिल पुरेसं वाटतं, पण विक्रेत्याने नुसतं टाइप करून पाठवलेलं बिल कोणीही बनवू शकतो. म्हणून त्याच्या जोडीला पैसे गेल्याची नोंद लागते, म्हणजे बँकेच्या किंवा कार्डाच्या विवरणातली तीच रक्कम आणि तीच तारीख. बाकीचे व्यवहार झाकले तरी चालतात, मात्र खातेदाराचं नाव दिसू द्यावं. विक्रीच्या पानाची छापील प्रत जोडली तर वस्तू जुनी असल्याचं स्पष्ट होतं, नाहीतर नव्या लेन्सचा भाव गृहीत धरला जाण्याचा धोका असतो. नातेवाइकाने पाठवलेल्या वस्तूसाठी त्याच्या खरेदीचं बिल मागवावं. वॉरंटीत फुकट बदलून आलेल्या वस्तूलाही कस्टमच्या लेखी किंमत असते. तिथे मूळ खरेदीचं बिल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार दाखवावा लागतो.

मग हिशेब होतो. कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, तिच्यात वाहतूक आणि विमा मिळवला जातो. विमानाने आलेल्या मालाची वाहतूक वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, म्हणून या लेन्सच्या बाबतीत ४५ नव्हे, ३० डॉलर धरायचे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे सुमारे १.६९ डॉलर. एकूण १८१.६९ डॉलर. कस्टमचा जाहीर विनिमय दर ९० रुपये मानला तर करपात्र किंमत सुमारे १६,३५२ रुपये. तिच्यावर आधी सीमाशुल्क, आणि किंमत अधिक शुल्क या बेरजेवर जीएसटी. दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, त्यामुळे मागवण्यापूर्वी चालू दर पाहावा.

सुटायला किती दिवस? कागद स्वच्छ असतील तर कुरिअरचं पार्सल त्याच किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी सुटू शकतं, कारण कुरिअर कंपनीच कागद भरते आणि कर भरून नंतर वसूल करते. टपालाचं पार्सल काही दिवसांत पुढे सरकतं आणि कराची रक्कम पोस्टमन दारात घेतो. शंका निघाली की मात्र पत्र येणं, उत्तर जाणं, फाइल पुन्हा टेबलावर येणं यात तीन-चार आठवडे सहज जातात. पुरावे तुकड्यातुकड्याने पाठवले की ही फेरी पुन्हा सुरू होते. म्हणून सगळे कागद एकाच वेळी, पार्सलचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक पानावर लिहून, पत्रात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावेत. पार्सल दिल्लीत किंवा चेन्नईतही उतरलेलं असू शकतं. तेव्हा मुंबईच्या कार्यालयात खेटे घालण्याआधी पत्राचा मथळा वाचावा. औषधं, बियाणं, ड्रोन, बिनतारी यंत्रं यांना वेगळी परवानगी किंवा बंदी लागू असते, तिथे किमतीचा पुरावा कितीही चोख असला तरी पुरत नाही.

उत्तरच दिलं नाही तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जातं. कुरिअरकडे साठवणुकीचं भाडंही चढत जातं, आणि ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे. लावलेली किंमत मान्य नसेल तर लेखी आदेश मागावा. तो मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते.

‘तुमचं पार्सल कस्टमने पकडलंय, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नये. कस्टमच्या अधिकृत पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कर कधीही कुणाच्या खासगी खात्यात भरला जात नाही.