शितावरून भाताची, दातावरून पास्त्याची परीक्षा

मराठी स्वयंपाकघरात भात झाला की नाही, हे बोट सांगते. शीत दोन बोटांत चेपून पाहायचे. मधे कणी लागली, तर झाकण पुन्हा ठेवायचे. इटलीत पास्त्याच्या बाबतीत हेच काम दात करतो. इटालियन मेनूकार्डावर आणि पास्त्याच्या पाकिटावर दिसणाऱ्या 'अल देंते' या शब्दांचा अर्थच मुळी 'दाताला लागेल असे' असा आहे. इटालियन 'देंते' आणि संस्कृत 'दंत' हे एकाच प्राचीन शब्दकुळातले भाऊबंद असल्याने मराठी वाचकाला हा शब्द लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.

अवघड जाते ते त्याचे आचरण. मऊ शिजलेल्या अन्नाची सवय असलेला ग्राहक इटलीतल्या उपाहारगृहात 'कच्चा आहे' म्हणून ताट परत पाठवतो आणि घरी पास्ता करताना त्याचा लगदा करून ठेवतो. दोन्हींचे मूळ एकच. अल देंते म्हणजे अर्धे कच्चे नव्हे. पास्ता पूर्ण शिजलेला असतो, मात्र चावताना मध्यभागी किंचित प्रतिकार जाणवतो. स्पॅगेटीची एक काडी तोडून तिचे टोक पाहिले, तर गाभ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका दिसतो. इटालियन लोक त्याला 'आनिमा', म्हणजे आत्मा, म्हणतात. ठिपका मोठा आणि पिठूळ लागला तर पास्ता कच्चा, पुसट असला तर अल देंते आणि नाहीसा झाल्यावरही उकळणे चालूच राहिले तर हातून गेलेला.

गव्हाचा गुण

हा प्रतिकार येतो तो गव्हातून. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम या कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा, असा 1967चा कायदा आहे. या गव्हातील प्रथिने पीठ मळताना घट्ट जाळे विणतात आणि पिष्टाचे कण त्यात अडकून राहतात. उकळते पाणी बाहेरून आत शिरते. बाहेरचे पिष्ट फुगून मऊ होते, तेव्हा गाभ्यापर्यंत पाणी नुकतेच पोहोचलेले असते. तो क्षण अल देंतेचा. पुढेही उकळत ठेवले की जाळे सैल पडते, पिष्ट बाहेर येते आणि पास्ता चिकट होतो. मैद्याच्या स्वस्त पास्त्यात हे जाळे तितके बळकट नसते, त्यामुळे घड्याळ कितीही काटेकोरपणे पाहिले तरी तो अल देंते राहणे कठीण. म्हणूनच विकत घेताना पाकिटावर 'ड्युरम' हा शब्द शोधावा. मैदा व अंडी घालून केलेला ताजा पास्ता मुळातच मऊ असतो; त्याच्याकडून दाताला अशा प्रतिकाराची अपेक्षा करू नये.

सूगो म्हणजे कोणता रस?

दुसरा महत्त्वाचा शब्द 'सूगो'. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'रस' या अर्थाच्या शब्दात आहे, परंतु सूगो पिण्याचा रस नव्हे, की पातळ रस्साही नव्हे. शिजवून दाट केलेले आणि पास्त्याला लपेटून बसणारे हे कालवण. मेनूवर नुसते 'अल सूगो' लिहिलेले असले, तर बहुधा टोमॅटोचा सूगो अभिप्रेत असतो. परंतु मांस भाजताना सुटणाऱ्या रसालाही सूगोच म्हणतात, आणि अनेक घरांत टोमॅटोच्या सूगोत मांसाचे तुकडे शिजत घातलेले असतात. शाकाहारी माणसाने त्यामुळे 'अल पोमोदोरो', म्हणजे टोमॅटोचे, हे शब्द शोधणे अधिक सुरक्षित.

'रागू' हे मात्र निःसंशय मांसाचे, मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेले कालवण. बोलोन्या शहराच्या रागूची कृती 1982 मध्ये तेथील वाणिज्य मंडळात अधिकृतपणे नोंदवली गेली आणि 2023 मध्ये सुधारण्यात आली. हा रागू तेथे स्पॅगेटीवर नव्हे, तर 'तालियातेल्ले' या अंड्याच्या रुंद पट्ट्यांवर वाढतात.

दोन ताटांचा हिशेब

हे दोन शब्द कढईत एकत्र येतात तेव्हा त्यांचा अर्थ उलगडतो. दोघांसाठी 160 ग्रॅम स्पॅगेटी घ्यावी. आधी सूगो करावा. दोन चमचे ऑलिव्ह तेलात लसणाची एक पाकळी हलकी परतून त्यात 400 ग्रॅम सोललेले टोमॅटो कुस्करून घालावेत आणि मीठ टाकून मंद आचेवर सुमारे 20 मिनिटे आटवावेत. कडेला तेल दिसू लागले की सूगो झाला. शेवटी बेसिलची पाने घालावीत.

दुसरीकडे दोन लिटर पाणी खळखळ उकळून त्यात सुमारे 20 ग्रॅम मीठ घालावे. पाकिटावर नऊ मिनिटे लिहिली असतील, तर सातव्या मिनिटाला एक काडी चावून पाहावी. ठिपका स्पष्ट दिसत असतानाच स्पॅगेटी उचलून थेट सूगोत टाकावी, सोबत उकळीचे एक छोटी पळी पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटे हलवत राहावे. पाण्यात उतरलेले पिष्ट तेल व टोमॅटो यांना सांधते आणि उरलेले शिजणे सूगोतच पुरे होते. ताटलीत पाणी सुटलेले दिसले, तर हा टप्पा चुकला असे समजावे. निथळलेला पास्ता थंड पाण्याखाली धुतल्यास हेच उपयुक्त पिष्ट वाहून जाते. उकळीत तेल घातल्यास काड्या निसरड्या होतात आणि सूगो त्यांना धरत नाही. चाळणीत तसाच ठेवलेला पास्ता स्वतःच्या उष्णतेने शिजतच राहतो.

मागवताना

मेनूकार्डावर 'अल', 'आल्ला' यांच्या पुढचा शब्द पदार्थाची ओळख सांगतो. पण कधी तो जिन्नस असतो, तर कधी गावाचे नाव, आणि धोका तेथेच आहे. 'अमात्रिचाना' हा अमात्रिचे गावचा लालभडक टोमॅटोचा सूगो दिसायला शाकाहारी, पण त्यात 'ग्वांचाले' हे डुकराच्या गालाचे खारवलेले मांस असते. 'पुत्तानेस्का'त बहुधा अँचोव्ही मासळी असते. उलट 'पिझ्झा मारिनारा' या नावात समुद्र असला, तरी तिच्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असते. 'पेपेरोनी' म्हणजे इटलीत ढोबळी मिरची, सॉसेज नव्हे.

वेटरला 'चे कार्ने?', म्हणजे 'यात मांस आहे का?', एवढेच विचारून भागेलच असे नाही, कारण खारवलेले डुकराचे मांस काहींच्या बोलण्यात 'कार्ने'त मोडत नाही. ग्वांचाले, पान्चेत्ता आणि अँचोव्हीसाठी 'अच्चूगे' ही नावे घेऊन विचारावे. काटेकोर शाकाहाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वरून किसून घालतात ते पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील विरजणानेच बनवण्याचा नियम आहे. 'सेन्त्सा फोर्माज्जो', म्हणजे 'चीजविना', असे आधीच सांगता येते. आणि दाताला लागणारा पास्ता नकोच असेल, तर 'बेन कोत्ता', म्हणजे 'नीट शिजवलेला', असे मागवताना म्हणावे. ताट समोर आल्यावर ते परत पाठवण्याची वेळ येत नाही.