नाव दिसतं, चित्र नाही

भाचीने घरून काम करण्यासाठी 27 इंची फोर-के मॉनिटर घेतला. लॅपटॉप जोडून सुरू केला की मॉनिटरवर लॅपटॉपच्या कंपनीचं बोधचिन्ह झळकायचं, विंडोज उघडायचं आणि पडदा काळा. मग `No Signal`.

ती क्षणभराची झलक मला फार मोलाची वाटली. मॉनिटरच्या मागे अनेकदा एचडीएमआयची दोन तोंडं असतात, आणि केबल एकात, मेनूमधली निवड दुसऱ्याची, हा सर्वांत नेहमीचा घोटाळा. पण बोधचिन्ह दिसलं म्हणजे इनपुट बरोबर होता आणि केबल तुटलेली नव्हती.

`Windows + P` दाबून `Extend` निवडलं. सेटिंग्जमध्ये मॉनिटरचं नाव हजर. "मामा, लॅपटॉप त्याला ओळखतोय, मग चित्र का नाही?" तिचा प्रश्न अगदी नेमका होता.

एचडीएमआयच्या 19 पिनांपैकी दोन पिनांवरून मॉनिटर आपलं नाव आणि आपल्याला झेपणारी रिझोल्यूशन्स कळवतो. ही देवाणघेवाण अगदी सावकाश चालते, ती साध्या केबलमधूनही निभावते. चित्र मात्र वेगळ्या, वेगवान जोड्यांवरून येतं. 3840 × 2160 हे चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचं तर त्या जोड्यांवरून सेकंदाला सुमारे 18 अब्ज बिट्स जावे लागतात. 30 वेळा पाठवलं तर निम्मे. सुरुवातीचं बोधचिन्ह बहुधा कमी रिझोल्यूशनचं असतं, म्हणून ते पोचतं.

लॅपटॉपला मॉनिटरची कुवत कळते, स्वतःच्या पोर्टची माहीत असते. मधल्या साध्या केबलची कुवत मात्र त्याला कोणी सांगत नाही. तो बेधडक 60 हर्ट्झ पाठवतो.

`Advanced display` मध्ये मॉनिटर निवडून रिफ्रेश रेट 30 हर्ट्झ केला. चित्र आलं. विंडोज बदल कायम ठेवायचा का ते विचारतं. 15 सेकंदांत होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत येतं, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही. मग 1920 × 1080 ठेवून 60 हर्ट्झ केलं, तेही स्थिर चाललं. पुन्हा फोर-के आणि 60 केलं की अंधार. संशय केबलवर पक्का झाला. ती जुन्या सेट-टॉप बॉक्सची होती.

30 हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो, दिवसभराच्या कामाला ते त्रासाचं. वेष्टनावर `Premium High Speed` लिहिलेली, दोन मीटरच्या आतली केबल आणली आणि फोर-के 60 हर्ट्झवर स्थिर झालं. केबल अगदी काठावर असती तर पडदा काळा न होता पांढरे ठिपके चमकले असते किंवा चित्र अधूनमधून गेलं असतं. आणि सेटिंग्जच्या यादीत फोर-केला 60 चा पर्यायच नसता, तर मी केबलआधी लॅपटॉपचं पोर्ट आणि मॉनिटरच्या मेनूतलं एचडीएमआय आवृत्तीचं सेटिंग तपासलं असतं.